शौचाचा नमुना लॅबला देताना: डबी, वेळ, साठवण आणि नेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी काउंटरवर नमुने घ्यायचे आणि मग आत जाऊन स्लाइड बघायच्या, असं माझं काम. पावसाळा लागला की फोनवर आणि व्हॉट्सॲपवर रोज तेच प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं नेहमीच्या 'स्टूल रूटीन' तपासणीबद्दल आहेत. जिथे दुसऱ्या तपासणीचे नियम वेगळे आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

१. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'स्टूल आर/ई' लिहिलंय. यात नेमकं काय बघतात?

आधी नुसत्या डोळ्यांनी रंग, घट्टपणा, आव आणि रक्त बघतो. मग कणभर नमुना एकदा सलाइनच्या आणि एकदा आयोडीनच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. त्यात पू-पेशी, लाल पेशी, जंतांची अंडी आणि जिआर्डिया, अमीबा हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी शोधतो. सलाइनच्या थेंबात जिवंत अमीबा सरकताना दिसतो, आयोडीनमध्ये त्याच्या टणक कवचाच्या गाठी, म्हणजे सिस्ट, ओळखता येतात. चिठ्ठीवर 'सी/एस' असेल तर ते कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं. त्याची पद्धत वेगळी, प्रश्न १२ पाहा. 'ऑकल्ट ब्लड', म्हणजे डोळ्याला न दिसणारं रक्त शोधायचं असेल तर प्रश्न १३.

२. डबी लॅबचीच हवी का? घरची स्वच्छ बाटली चालणार नाही का?

शक्यतो लॅबचीच घ्या. रुंद तोंडाची, आट्याच्या झाकणाची ही प्लास्टिकची डबी मेडिकलच्या दुकानातही मिळते. झाकणाला आतून छोटा चमचा असतो, त्यामुळे दुसरं काही लागत नाही.

घरच्या बाटलीत अडचण होते ती जे डोळ्याला दिसत नाही त्याची. लोणच्याच्या बरणीला तेल चिकटलेलं असतं, ते स्लाइडवर गोल थेंब होऊन दिसतं आणि चरबीचा गोंधळ होतो. काही जण काळजीपोटी बाटली डेटॉलने धुऊन आणतात. त्याचा अंश आत राहिला तर जे शोधायचं तेच मरतं. काडेपेटी, कागदाची पुडी किंवा गाठ मारलेली पिशवी आणू नका. पुडीत नमुना सुकतो, पिशवीतून गळतो, आणि तो आम्हाला परत करावा लागतो.

३. किती घ्यायचा? डबी भरून आणली तर जास्त चांगलं ना?

भरू नका. घट्ट असेल तर मोठ्या सुपारीएवढा आणि पातळ असेल तर एक-दोन चहाचे चमचे पुरतो. डबीचा तिसरा भाग भरला की थांबा. नमुन्यात गॅस होत राहतो. मे महिन्यात कुर्ल्याहून दादरला येईपर्यंत गच्च भरलेल्या डबीचं झाकण फुगतं, आणि काउंटरवर उघडताना आतलं बाहेर उडतं.

किती घेतला यापेक्षा कुठून घेतला याकडे जास्त लक्ष द्या. आव म्हणजे शेंबडासारखा चिकट भाग, रक्ताची रेघ, वेगळ्या रंगाचा तुकडा, असं काही दिसलं तर तेच आधी उचला. बरेच जण किळस येते म्हणून नेमका तो भाग सोडून बाजूचा स्वच्छ दिसणारा भाग आणतात, आणि अमीबा असतो आवेतच. सगळा सारखाच दिसत असेल तर टोकाचा, मधला आणि वरचा असा तीन ठिकाणचा थोडा थोडा घ्या.

४. आमच्याकडे चाळीतला कॉमन संडास आहे. नमुना घ्यायचा तरी कसा?

आधी लघवी करून घ्या. मग भांड्यात जिथे पाणी साचलेलं नाही तिथे कागदी प्लेट किंवा स्वच्छ, कोरडी प्लास्टिकची पिशवी पसरा आणि शौच त्यावर होऊ द्या. झाकणाच्या चमच्याने उचलून डबीत टाका आणि झाकण घट्ट फिरवा. प्लेटवर उरलेलं भांड्यात सोडा. प्लेट दुसऱ्या पिशवीत गाठ मारून कचऱ्यात टाका, भांड्यात नको, तुंबतं. कॉमन संडासात जायच्या आधी प्लेट, डबी आणि दोन पिशव्या एकाच थैलीत घालून ठेवा, म्हणजे बाहेर रांग असली तरी घाई होत नाही.

कमोड असेल तर बैठक वर उचला, मोठी प्लास्टिकची पिशवी कापून भांड्याच्या काठांवर थोडी सैल पसरा आणि बैठक खाली दाबा. त्या झोळीत नमुना पडतो. नंतर हात साबणाने नीट धुवा, आणि डबीही बाहेरून पुसून घ्या, कारण पुढे ती दुसऱ्याच्या हातात जाणार आहे.

५. लघवी किंवा नळाचं पाणी थोडं मिसळलं तर एवढं काय बिघडतं?

जिवंत अमीबा फार नाजूक असतो. लघवीने तो मरतो, साध्या पाण्यात फुगून फुटतो. पाण्यात स्वतःचेही सूक्ष्म जीव असतात, ते स्लाइडवर आले की पाहणाऱ्याची फसगत होऊ शकते. भांडं नुकतंच ॲसिडने किंवा फिनाइलने धुतलेलं असेल तर त्याला लागलेला नमुना घेऊच नका. मिसळलं आहे हे कळूनही आणत असाल तर निदान काउंटरवर सांगा. आम्ही तशी नोंद करतो आणि पुन्हा नमुना मागतो.

६. सकाळचाच पहिला, उपाशीपोटीचा हवा का?

नाही. तो नियम रक्ताच्या काही तपासण्यांचा आहे. शौच दुपारी झालं, रात्री झालं, जेवून झालं, चालतं. नमुना डबीत पडल्यावर लॅबला पोचायला किती वेळ गेला याला मात्र महत्त्व आहे. त्याचं उत्तर पुढे.

७. किती वेळात पोचवायचा? कोणी अर्धा तास म्हणतं, कोणी म्हणतं दिवसभर चालतं.

दोन्ही खरं आहे, पण वेगवेगळ्या नमुन्यांसाठी.

जुलाब लागले की आतडं सगळं वेगाने बाहेर ढकलतं. अमीबाला कवच बांधायला सवड मिळत नाही, तो उघड्या, हलत्या रूपात बाहेर पडतो. शरीराबाहेर आल्यावर तो कवच करत नाही, विरघळून जातो. म्हणून पाण्यासारखा पातळ नमुना झाल्यापासून ३० मिनिटांत स्लाइडवर यायला हवा. मऊ, अर्धवट बांधलेला असेल तर एक तासात. घट्ट, नेहमीसारख्या शौचात अमीबा आणि जिआर्डिया असले तर सिस्टच्या रूपात असतात, जंतांची अंडीही टिकाऊ असतात. असा नमुना फ्रिजमध्ये ठेवला तर २४ तासांपर्यंत चालतो.

थोडक्यात, शौच जितकं पातळ, तितकी घाई जास्त. ३० मिनिटं म्हणजे दारातून निघून काउंटरला पोचायची वेळ नाही, त्यात आमची रांग आणि स्लाइड करायची मिनिटंही आली. म्हणून पातळ नमुना आणलात तर रांगेत उभे राहू नका. सरळ काउंटरवर "जुलाबाचा नमुना आहे, आत्ताचा आहे" असं सांगा.

८. रक्त पडतंय, आव पडते आणि रिपोर्ट म्हणतो अमीबा नाही. असं कसं?

अशी एक गोष्ट गेल्या पावसाळ्यात माझ्याच टेबलावर घडली. विक्रोळीच्या एका गृहस्थांना चार दिवस पोटात कळ आणि आवेबरोबर रक्त. पहाटे पावणेसहाला त्यांनी नमुना घेतला, डबी बाथरूमच्या खिडकीत ठेवली, आंघोळ केली, मुलाला शाळेत सोडलं आणि सव्वाआठच्या सुमाराला स्लो लोकल धरली. नऊ वाजून पाच मिनिटांनी ते काउंटरवर आले. डबीवर नाव होतं, वेळ नव्हती. सकाळची गर्दी, स्लाइड माझ्यासमोर आली तेव्हा नऊ-चाळीस झाले होते. म्हणजे शौच होऊन जवळजवळ चार तास.

स्लाइडवर लाल पेशींचे पुंजके होते, पू-पेशी मोजक्या, आणि मधे मधे दोन्ही बाजूंना टोकदार, सुईसारखे स्फटिक. त्यांना चार्कोट-लेडन स्फटिक म्हणतात, आणि अमीबाच्या आवेत ते पुष्कळदा दिसतात. अमीबा मात्र एकही नाही. दिसलं तेवढंच मी लिहू शकत होते, 'अमीबा आढळला नाही'. पण चित्र संशयाचं होतं, म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं आणि गृहस्थांना फोन करून विचारलं, नमुना कधीचा? तेव्हा पावणेसहा कळलं.

ते अजून दादरलाच होते. मॅडमनी त्यांना परत बोलावलं आणि लॅबच्याच संडासात नमुना द्यायला सांगितलं. अकरा-वीसला डबी हातात आली, सहा मिनिटांत स्लाइड लागली. दुसऱ्याच फील्डमध्ये अमीबा दिसला. बोटासारखा पाय पुढे काढायचा, त्यात सगळं अंग ओतायचं आणि एका दिशेने सरकायचं, आणि पोटात गिळलेल्या दोन लाल पेशी. लाल पेशी गिळलेला अमीबा दिसला की रोग करणाऱ्या जातीबद्दल फारशी शंका उरत नाही. तो रिपोर्ट घेऊन ते आपल्या डॉक्टरांकडे गेले.

दोन्ही रिपोर्ट बरोबरच होते. पहिल्या डबीत तोवर अमीबा उरलाच नव्हता. म्हणून रक्त किंवा आव पडत असेल आणि घर लॅबपासून लांब असेल, तर रिकामी डबी घेऊन लॅबला या आणि नमुना तिथेच द्या. कोणी नाक मुरडत नाही, आम्हाला ते हवंच असतं. आणि डबीच्या अंगावर, झाकणावर नव्हे, पूर्ण नाव, वय, तारीख आणि शौच झाल्याची वेळ लिहा. झाकणं टेबलावर अदलाबदल होऊ शकतात.

९. रात्री झालं तर फ्रिजमध्ये ठेवू का? घरचे तयार होत नाहीत.

घट्ट नमुना असेल तर ठेवा. डबी झिपच्या पिशवीत, ती पिशवी एका जुन्या झाकणाच्या डब्यात, आणि डबा खालच्या कप्प्यात, उघड्या अन्नापासून लांब. इतकं केलं की घरच्यांची काळजी मिटते. तापमान २ ते ८ अंश हवं. फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठून वितळताना पेशी आणि सिस्ट फुटतात आणि स्लाइडवर नुसता चिखल दिसतो.

पातळ नमुना फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही, थंडीने अमीबाची हालचाल थांबते आणि तो ओळखू येत नाही. रात्री जुलाब झाले तर तो नमुना सोडून द्या आणि सकाळी ताजा द्या. फ्रिज नसेल तर घट्ट नमुनाही त्याच दिवशीचा आणा.

१०. लोकलने आणायचा आहे. बर्फ लावू का?

रूटीनच्या पातळ नमुन्याला बर्फ नको आणि ऊनही नको. नेहमीच्या तापमानात, लवकर आणा. डबी झिपच्या पिशवीत उभी ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी वेगळ्या खिशात, कारण ओल लागलेल्या चिठ्ठीवरचं अक्षर आम्हाला वाचता येत नाही. गर्दीत बॅग पुढे घेता तेव्हा डबी आडवी होते, म्हणून तिच्याभोवती रुमाल गुंडाळून बॅगेच्या कोपऱ्यात बसवा. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, ती तापते.

घरून नमुना नेणारा मुलगा येणार असेल तर त्याची वेळ आधी विचारा. तो सात ते नऊमध्ये दहा घरं करून लॅबला पोचतो. घट्ट नमुन्याला हे चालतं, जुलाबाच्या नमुन्याला नाही.

११. दोन गोळ्या आधीच घेतल्या आहेत. आता तपासणीला अर्थ आहे का?

कोणत्या गोळ्या, त्यावर आहे. जुलाब झाले की मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा मेट्रोनिडाझोल आणून घेणं मुंबईत घरोघरी चालतं. त्यानंतर अमीबा आणि जिआर्डिया काही काळ दिसेनासे होतात, हा काळ दोन-तीन आठवडेही असू शकतो. म्हणून नमुना औषधाच्या आधी द्यावा. घेऊन झालं असेल तरी या, पण नाव आणि वेळ सांगा, म्हणजे डॉक्टरांना रिपोर्टचा अर्थ लावता येतो.

पोटाच्या एक्स-रेसाठी बेरियम प्यायला असाल तर ७ ते १० दिवस थांबा, त्याचे कण सगळी स्लाइड झाकतात. बद्धकोष्ठ आहे म्हणून नमुन्यासाठी एरंडेल घेऊ नका, तेलाच्या थेंबांत काही दिसत नाही. एक-दोन दिवस वाट पाहिली तर काही बिघडत नाही.

एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची शौचातून तपासणी असेल तर ॲसिडच्या पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या साधारण २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

१२. कल्चरसाठी वेगळं काय करायचं?

डबी निर्जंतुक, सीलबंद हवी आणि सील नमुना घेतानाच तोडायचं. आतल्या बाजूला बोट लावू नका. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या. एक ते दोन तासांत पोचवा. शौच नुसतं पडून राहिलं की आंबट होत जातं, आणि शिगेलासारखे जंतू त्या आंबटपणात मरतात. बाकीचे निरुपद्रवी जंतू मात्र वाढत राहतात आणि कल्चरच्या प्लेटवर तेच पसरतात. इथे फ्रिजवर भिस्त ठेवू नका.

दोन तासांत जमणार नसेल तर आदल्या दिवशी लॅबमधून कॅरी-ब्लेअर माध्यमाची नळी न्या. त्यात जेलीसारखं काहीतरी असतं, ते फेकू नका. सोबतच्या काडीने आव किंवा रक्ताचा भाग घेऊन काडी जेलीत बुडवायची, वरचं टोक मोडायचं आणि झाकण लावायचं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, जंतू वाढायलाच तेवढा वेळ लागतो.

१३. ऑकल्ट ब्लड आहे. मटण बंद करायचं का? आणि पाळी चालू असेल तर?

लॅबला आधी विचारा की पद्धत कोणती. रसायनाने रंग बदलणारी जुनी पद्धत (ग्वायक) असेल तर आधीचे तीन दिवस मटण, कलेजी, कच्चा मुळा टाळा, कारण त्यांनी खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. उलट व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी खरं रक्तही झाकलं जातं. नवी, अँटिबॉडीवर चालणारी 'फिट' पद्धत फक्त माणसाचं रक्त ओळखते, तिला पथ्य लागत नाही.

पाळी संपून तीन दिवस होईपर्यंत नमुना देऊ नका. मूळव्याधीतून रक्त येत असेल तरी थांबा आणि डॉक्टरांना सांगा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर या तपासणीसाठी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

१४. बाळ डायपरमध्ये करतं. डायपरच घेऊन येऊ का?

डायपर पातळ भाग शोषून घेतं, आणि जुलाबात तोच हवा असतो. शिवाय लघवी मिसळते. डायपर उलटं, म्हणजे प्लास्टिकची बाजू आत करून बांधा, किंवा आत स्वच्छ प्लास्टिक अंथरा. जवळ बसा आणि शी झाली की लगेच चमच्याने उचला. अर्धा चमचाही पुरतो. दुधातली साखर पचत नाही का हे बघायचं असेल तर शीचं पाणीच लागतं आणि तेही ताजं, कारण नमुन्यातले जंतू ती साखर खाऊन टाकतात. त्यासाठी बाळाला घेऊनच लॅबला यावं.

१५. तीन दिवस तीन नमुने कशाला? पैसे उकळायला?

हा राग मला समजतो. पण जिआर्डिया आणि अमीबाच्या सिस्ट रोज सारख्या पडत नाहीत. एखाद्या दिवशी भरपूर, पुढचे दोन दिवस एकही नाही. म्हणून डॉक्टर एक दिवसाआड, दहा दिवसांच्या आत तीन नमुने सांगतात. एकाच दिवशीचे तीन आणले तर तो हेतू साधत नाही. पहिल्याच नमुन्यात निदान झालं तर उरलेले द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारा.

१६. मुलीला रात्री खाज सुटते, बारीक पांढरे जंत दिसतात. रिपोर्ट मात्र साफ आला.

हे जंत अंडी शौचात क्वचितच सोडतात. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन तिथल्या कातडीवर अंडी घालते. म्हणून सकाळी मुलगी उठल्यावर, संडासला जाण्याआधी आणि धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागेवर दाबायची आणि लॅबने दिलेल्या काचेवर चिकटवायची. जंतच हाती लागला तर वेगळ्या डबीत, थोड्या सलाइनमध्ये आणा.

१७. भाताच्या पेजेसारखे पांढरे जुलाब होताहेत. आधी नमुना देऊ का?

नको, आधी हॉस्पिटल. पेजेसारखे सतत जुलाब, पेटके, लघवी बंद, बाळाचे डोळे खोल गेलेले, यातलं काही असेल तर ओआरएस पाजत जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या. चिंचपोकळीचं कस्तुरबा हॉस्पिटल साथीच्या आजारांसाठीच आहे, केईएम, सायन, नायरही आहेत. कॉलऱ्याचा संशय असेल तर नमुना तिथेच घेतात, गरज पडली तर गुदद्वारातून काडीने. डबी शोधण्यात आणि लॅब उघडण्याची वाट पाहण्यात वेळ घालवू नका.